पार्शल फ्रॅक्शनमध्ये वर काय लिहायचं: नुसता A की Bx + C?

«एफवाय बीएस्सीला आहे. छेदात साधे, वेगवेगळे अवयव असले की पार्शल फ्रॅक्शन पटकन सुटतात. पण (x − 1)² किंवा x² + 2x + 5 असं काही आलं की कुठे नुसता A लिहायचा आणि कुठे Bx + C, हे आठवत नाही. तक्ता पाठ केलाय तरी परीक्षेत चुकतं, आणि मागचं उत्तर बघेपर्यंत चुकलंय हे कळतही नाही. पाठ न करता हे कसं ठरवायचं?»

«चुकलंय हे कळतही नाही» हे तुम्ही लिहिलंत, आणि मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. तक्ता विसरणं ही त्या मानाने लहान अडचण. मांडणी चुकीची लिहिली तरी x च्या किमती घालून A, B सरळ निघतात, आकडे पूर्णांकात येतात, आणि सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. म्हणून आधी ती चूकच जवळून बघू. ती नीट कळली की तक्त्याची गरज फारशी उरत नाही.

मी प्रथम वर्षाला कॅल्क्युलस शिकवते. पेपर तपासताना पुढच्या धाटणीचा प्रश्न आला की एक ठरावीक चूक हमखास भेटते.

∫ (x² + 7x + 1) / [(x − 1)²(x + 2)] dx

छेदात दोन अवयव दिसतात, म्हणून विद्यार्थी दोन पदं लिहितो:

(x² + 7x + 1) / [(x − 1)²(x + 2)] = A/(x − 1)² + B/(x + 2)

मग दोन्ही बाजूंना छेदाने गुणतो:

x² + 7x + 1 = A(x + 2) + B(x − 1)²

x = 1 घातलं की डावीकडे 9, उजवीकडे 3A, म्हणून A = 3. x = −2 घातलं की डावीकडे 4 − 14 + 1 = −9, उजवीकडे 9B, म्हणून B = −1. दोन अक्षरं, दोन किमती, काम संपलं. पुढे इंटिग्रेशनही बिनचूक केलेलं असतं. उत्तर मात्र चूक.

आता या मांडणीत अजून न वापरलेली एखादी किंमत घाला. सगळ्यांत सोपी x = 0. मूळ फलनाची किंमत 1/(1·2) = 1/2. विद्यार्थ्याच्या मांडणीची किंमत 3/1 − 1/2 = 5/2. दोन्हींत 2 चा फरक आहे, म्हणजे मांडणीत कुठलं तरी पद राहिलंय. दोन अक्षरं शोधायला दोनच किमती वापरल्या, आणि त्या दोन ठिकाणी समीकरण जुळणारच होतं, कारण जुळावं म्हणूनच आपण A आणि B निवडले. तिसऱ्या ठिकाणी ते जुळतं का, हे कुणी विचारलंच नाही.

आता मांडणी किती अक्षरांची हवी, हे कसं ठरवायचं ते बघू. छेदाची कोटी 3 आहे. अंशाची कोटी त्याहून कमी असली, तर अंश जास्तीत जास्त px² + qx + r असा असू शकतो. त्यात तीन स्वतंत्र आकडे आहेत: p, q, r. प्रश्न काढणारा ते वाटेल ते ठेवू शकतो. त्या तीन आकड्यांतली माहिती A आणि B या दोनच अक्षरांत मावणार नाही. एखाद्या नशीबवान अंशाला मावेल, पण सगळ्यांना नाही. म्हणून मी वर्गात पहिल्या दिवशी एवढंच सांगते: छेदाची जेवढी कोटी, तेवढी अक्षरं. मांडणी लिहून झाली की आधी अक्षरं मोजा, मगच किमती घालायला लागा. समजा छेद (x − 2)³(x² + 1)² असा आला, तर कोटी 3 + 4 = 7, आणि मांडणीत सातच अक्षरं यायला हवीत. सहा आली तर एक पद सुटलंय, आठ आली तर कुठे तरी एक जास्तीचं आहे.

यात एक मर्यादा आहे, ती आधीच सांगते. मोजणी जुळली म्हणजे मांडणी बरोबरच असं नाही. (Ax + B)/(x − 1) + C/(x + 2) यातही तीन अक्षरं आहेत, पण वरच्या उदाहरणाला ती चालणार नाही, कारण त्यात (x − 1)² कुठेच छेदात येत नाही. मोजणी चुकली तर मांडणी नक्की चूक. मोजणी जुळली तर पुढचा प्रश्न: ही अक्षरं नेमकी कुठे बसवायची?

यासाठी (x − 1)² च्या वर काय असायला हवं हे अगदी साधेपणाने विचारा. छेदाची कोटी 2, म्हणून वर दोन आकड्यांची जागा हवी. म्हणजे (Ax + B)/(x − 1)². ही मांडणी पूर्णपणे बरोबर आहे. कुणी अशी लिहून पुढे नीट सोडवलं तर मी पूर्ण गुण देते. अडचण फक्त एवढीच की ती जशीच्या तशी इंटिग्रेट करता येत नाही, आणखी एक पाऊल लागतं. ते पाऊल असं: अंशातला x आपण (x − 1) + 1 असा लिहू.

Ax + B = A(x − 1) + (A + B)

दोन्ही बाजूंना (x − 1)² ने भागलं की

(Ax + B)/(x − 1)² = A/(x − 1) + (A + B)/(x − 1)²

तक्त्यातली «A/(x − 1) + B/(x − 1)²» ही ओळ कुठून आली, ते इथे दिसतं. दोन पदं आहेत आणि दोन्हींच्या वर नुसते स्थिरांक आहेत, कारण x होता तो एका (x − 1) बरोबर कटला. (x − 1)³ असेल तर वर तीन आकडे, आणि हीच युक्ती दोनदा केली की तीन पदं. प्रत्येक घातासाठी एक पद, वर एकेक स्थिरांक.

आता मूळ उदाहरण नीट सोडवू.

(x² + 7x + 1) / [(x − 1)²(x + 2)] = A/(x − 1) + B/(x − 1)² + C/(x + 2)

x² + 7x + 1 = A(x − 1)(x + 2) + B(x + 2) + C(x − 1)²

x = 1 घातलं की पहिलं आणि तिसरं पद जातं, 9 = 3B, म्हणून B = 3. x = −2 घातलं की −9 = 9C, म्हणून C = −1. आता A साठी कुठलीच सोयीची किंमत उरली नाही. इथे बरेच जण सगळे कंस सोडवत बसतात आणि एखादं चिन्ह चुकवतात. त्यापेक्षा नुसता x² चा सहगुणक बघा. डावीकडे 1. उजवीकडे पहिल्या पदातून A, मधल्यातून काहीच नाही, शेवटच्यातून C. म्हणून A + C = 1 आणि A = 2. सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक नुसत्या नजरेने वाचता येतो, आणि जिथे किमती घालून भागत नाही तिथे बहुतेक वेळा तोच कामी येतो.

x = 0 ची तपासणी: −2 + 3 − 1/2 = 1/2. मूळ किंमतही 1/2. जुळलं. मघाशी 2 चा जो फरक आला होता, तो 2/(x − 1) हे पद विसरल्याचा होता, कारण x = 0 ला ते पद −2 देतं.

∫ = 2 ln|x − 1| − 3/(x − 1) − ln|x + 2| + c

इथे मधल्या पदाकडे लक्ष द्या. ∫ 3/(x − 1)² dx म्हणजे लॉग नव्हे. छेदात एकच घात असला तरच लॉग येतो, नाही तर तो साधा घाताचा नियम आहे. पार्शल फ्रॅक्शन बरोबर काढून शेवटच्या ओळीत 3 ln (x − 1)² लिहिणारे दर वर्षी भेटतात, आणि इतकी मेहनत करून तिथे गुण गेले की मला खरंच वाईट वाटतं.

अवयव झाकून किंमत घालायची जी झटपट रीत तुम्ही वापरत असाल, ती ऑलिव्हर हेव्हिसाइड (१८५०–१९२५) यांच्या नावाने ओळखली जाते. ती इथेही चालते, पण कुठपर्यंत चालते ते माहीत हवं. छेदातला (x − 1)² झाकून बाकीच्यात x = 1 घातलं की 9/3 = 3 मिळतं, ते (x − 1)² च्या वरचं. (x + 2) झाकून x = −2 घातलं की −9/9 = −1, ते (x + 2) च्या वरचं. म्हणजे प्रत्येक रेषीय अवयवाच्या सर्वांत मोठ्या घातावरचा आकडा ही रीत देते. त्याखालच्या घातांवरचे आकडे ती अशी थेट देत नाही. ते सहगुणक जुळवून काढायचे.

मोजणीचा नियम आणखी एका ठिकाणी वाचवतो. पुढचं बघा:

∫ (x² + 1) / [(x − 1)(x + 1)] dx

छेदात साधे, वेगवेगळे दोन अवयव. तुमच्या भाषेत «पटकन सुटणारं». A/(x − 1) + B/(x + 1) लिहिलं, x = 1 घालून A = 1 आणि x = −1 घालून B = −1 मिळालं. आता x = 0 घाला. मूळ किंमत −1, मांडणीची किंमत −1 − 1 = −2. चुकलं. कारण अंशाची कोटी छेदाइतकीच आहे. अंशात तीन आकडे आणि मांडणीत दोन अक्षरं. आधी भागाकार करायला हवा होता:

(x² + 1)/(x² − 1) = 1 + 2/(x² − 1)

उरलेल्या 2/(x² − 1) ला मात्र तीच मांडणी चालते आणि तेच A, B मिळतात. म्हणून उत्तर x + ln|x − 1| − ln|x + 1| + c. चुकीच्या उत्तरातून फक्त तो सुटा x गळालेला असतो, बाकी सगळं हुबेहूब तेच. म्हणूनच ही चूक डोळ्यांना सापडत नाही. अक्षरं मोजण्याआधी दोन्हीकडच्या कोटी बघा. अंशाची कोटी छेदाइतकी किंवा जास्त असली, तर आधी भागाकार, आणि मांडणी फक्त बाकीची.

आता तुमचं दुसरं उदाहरण, x² + 2x + 5. त्यासाठी हा प्रश्न घेऊ:

∫ (3x² + 5x) / (x³ + x² + 3x − 5) dx

अंशाची कोटी 2, छेदाची 3, म्हणजे भागाकार नको. छेदाचे अवयव पाडायला हवेत. पूर्णांक मूळ असेल तर ते 5 चा विभाजक असणार, म्हणून 1, −1, 5, −5 एवढेच बघायचे. x = 1 ला 1 + 1 + 3 − 5 = 0. म्हणून (x − 1) हा अवयव, आणि भागाकार x² + 2x + 5. त्याचा विवेचक 4 − 20 = −16, ऋण. म्हणजे वास्तव संख्यांत त्याचे आणखी तुकडे होत नाहीत.

वर काय लिहायचं? तोच विचार. छेदाची कोटी 2, म्हणून वर दोन आकडे, Bx + C. मग (x − 1)² सारखं हे आणखी सोपं का करत नाही? तिथे x मधून (x − 1) बाहेर काढता आला आणि तो छेदातल्या एकाबरोबर कटला. इथे कटायला रेषीय अवयवच नाही. त्यामुळे Bx + C तसंच राहतं. दोन्ही ठिकाणी सुरुवात सारखीच आहे, फक्त एका ठिकाणी पुढचं पाऊल टाकता येतं आणि दुसऱ्या ठिकाणी येत नाही. एवढं डोक्यात राहिलं की A की Bx + C, हे आठवावं लागत नाही.

(3x² + 5x) / [(x − 1)(x² + 2x + 5)] = A/(x − 1) + (Bx + C)/(x² + 2x + 5)

3x² + 5x = A(x² + 2x + 5) + (Bx + C)(x − 1)

x = 1: 8 = 8A, म्हणून A = 1. x = 0: 0 = 5A − C, म्हणून C = 5. x² चा सहगुणक: 3 = A + B, म्हणून B = 2. अजून न वापरलेली गोष्ट म्हणजे x चा सहगुणक: डावीकडे 5, उजवीकडे 2A − B + C = 2 − 2 + 5 = 5. जुळलं.

इथे Bx + C ऐवजी नुसता B लिहिला असता तरी काहीच अडलं नसतं. x = 1 ने A = 1 दिला असता, x = 0 ने B = 5. पण x = −1 ला मूळ किंमत 1/4 आणि त्या मांडणीची −1/2 + 5/4 = 3/4. एका न वापरलेल्या किमतीला मांडणी जुळली नाही तर ती नक्की चूक. जुळली तर चूक असण्याची शक्यता अगदी थोडी उरते, योगायोगाने जुळण्याइतकी. परीक्षेत एवढी खात्री मला पुरेशी वाटते, आणि तिला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता (2x + 5)/(x² + 2x + 5) चं इंटिग्रेशन. पार्शल फ्रॅक्शन बरोबर येऊनही बरेच जण इथे थांबतात, म्हणून जरा सावकाश जाऊ. या छेदातून दोनच प्रकारची उत्तरं निघतात: लॉग आणि tan⁻¹. लॉगसाठी अंशात छेदाचा डेरिव्हेटिव्ह लागतो, tan⁻¹ साठी अंशात नुसता आकडा लागतो. तेव्हा अंशाचे त्याप्रमाणे दोन भाग करायचे. छेदाचा डेरिव्हेटिव्ह 2x + 2. म्हणून

2x + 5 = (2x + 2) + 3

पहिल्या भागाचं उत्तर ln(x² + 2x + 5). दुसऱ्या भागासाठी छेदात पूर्ण वर्ग करा: x² + 2x + 5 = (x + 1)² + 4. इथे u = x + 1 आणि a = 2. a हा 4 नाही, 4 हा a² आहे.

∫ 3/[(x + 1)² + 2²] dx = (3/2) tan⁻¹((x + 1)/2)

बाहेरचा 1/2 विसरला की चूक झाली. तो आहे की नाही हे x = −1 घालून लगेच बघता येतं. उत्तराचा डेरिव्हेटिव्ह तिथे (3/2)·(1/2) = 3/4, आणि मूळ 3/[(x + 1)² + 4] ची किंमतही 3/4.

अंशातला x चा सहगुणक 2 नसेल तर डेरिव्हेटिव्हला योग्य आकड्याने गुणायचं. 5x + 1 आलं असतं तर 5x + 1 = (5/2)(2x + 2) − 4 असं लिहिलं असतं. आधी x जुळवा, मग उरलेला आकडा आपोआप कळतो.

सगळं एकत्र केलं की

∫ = ln|x − 1| + ln(x² + 2x + 5) + (3/2) tan⁻¹((x + 1)/2) + c

दुसऱ्या लॉगला केवलमूल्याच्या उभ्या रेघा लागत नाहीत, कारण (x + 1)² + 4 कधी ऋण होत नाही. लावल्या तरी चूक नाही.

हे उत्तर पुन्हा एकदा बघा. दोन लॉग एकत्र केले की ln|x³ + x² + 3x − 5|, म्हणजे मूळ छेदाचाच लॉग. त्याचा अर्थ असा, की मुळात अंशामध्ये छेदाचा डेरिव्हेटिव्ह लपलेला होता. छेदाचा डेरिव्हेटिव्ह 3x² + 2x + 3, आणि 3x² + 5x = (3x² + 2x + 3) + 3(x − 1). उरलेल्या 3(x − 1) मधला (x − 1) छेदातल्या (x − 1) बरोबर कटतो आणि 3/(x² + 2x + 5) उरतं. A, B, C न काढता दोन ओळींत उत्तर. प्रत्येक वेळी असं जमत नाही, या प्रश्नातले आकडे सोयीचे आहेत. तरी अक्षरं लिहायच्या आधी अंश आणि छेदाचा डेरिव्हेटिव्ह एकमेकांशेजारी ठेवून बघायची सवय मला फार मोलाची वाटते. ∫ x/(x⁴ + 1) dx ला तर पार्शल फ्रॅक्शन लावणं म्हणजे उगाच घाम गाळणं आहे. u = x² घेतलं की ½ tan⁻¹(x²) + c, झालं.

x⁴ + 1 वरून आठवलं. «मूळ नाही, म्हणजे अवयव नाहीत» हे वाक्य कोटी 2 आणि 3 ला खरं आहे, 4 ला नाही. x⁴ + 1 ला वास्तव मूळ नाही, पण अवयव आहेत:

x⁴ + 1 = (x² + 1)² − 2x² = (x² + √2x + 1)(x² − √2x + 1)

इथे फसलात तर एकटे नाही आहात. लायब्निझ यांनी १७०२ मध्ये पार्शल फ्रॅक्शनवर लिहिताना x⁴ + a⁴ चे असे वास्तव अवयव पडत नाहीत असं मानलं होतं, आणि त्यावरून 1/(x⁴ + a⁴) चं इंटिग्रेशन लॉग आणि tan⁻¹ च्या प्रकारात बसत नाही असा निष्कर्ष काढला होता. तो चुकीचा निघाला. खरं तर वास्तव सहगुणकांची कुठलीही बहुपदी रेषीय आणि द्विघाती अवयवांत पूर्ण मोडते. म्हणून आपल्या मांडणीत छेदाचे दोनच प्रकार येतात, तिसरा येत नाही. ते अवयव हाताने सापडतीलच याची मात्र खात्री नाही. x⁵ − x − 1 सारखा छेद आला तर तत्त्वतः रीत चालते, पण वहीवर ती पुढे सरकत नाही. परीक्षेतले छेद मोडता यावेत म्हणूनच निवडलेले असतात.

तुमच्या अभ्यासक्रमात (x² + 1)² सारखा पुन्हा आलेला द्विघाती अवयव आहे की नाही, हे विद्यापीठागणिक बदलतं. असला तर मांडणी तीच: (Ax + B)/(x² + 1) + (Cx + D)/(x² + 1)², चार अक्षरं. त्यातला एकच तुकडा नवा असतो, आणि तो x = tan θ घालून सुटतो:

∫ dx/(x² + 1)² = x/[2(x² + 1)] + ½ tan⁻¹x + c

मर्यादा घातलेल्या इंटिग्रेशनमध्येही तीच न कळणारी चूक पुन्हा भेटते, म्हणून तेवढं सांगते. मघाच्या (3x² + 5x) / (x³ + x² + 3x − 5) ला 0 ते 2 अशा मर्यादा दिल्या, तर ln|x − 1| ची किंमत 0 ला ln 1 आणि 2 ला ln 1, म्हणजे दोन्हीकडे शून्य. वजाबाकी शून्य, बाकीचे दोन भाग नीट येतात, आणि एक छानसं उत्तर मिळतं. पण मधे x = 1 ला फलन अनंताकडे जातं आणि हे इंटिग्रेशन अस्तित्वातच नाही. मर्यादा घालण्याआधी छेदाचं एखादं मूळ त्या दोन मर्यादांच्या मधे पडतंय का, ते बघाच.

आता एक स्वतः करून बघा:

∫ (x³ + 1) / [x²(x² + 1)] dx

x² हा द्विघाती अवयव वाटतो, पण तो x·x आहे, म्हणजे पुन्हा आलेला रेषीय. तेव्हा A/x + B/x² + (Cx + D)/(x² + 1), चार अक्षरं, कोटी 4. सोडवताना A शून्य येईल. ते पाहून मांडणी चुकली असं समजू नका. एखादं अक्षर शून्य यायला काहीच हरकत नाही, पण ते शून्य आहे हे सोडवूनच कळतं. आधीच गाळलं तर पुढच्या प्रश्नात ते शून्य नसेल. B = 1, C = 1, D = −1 मिळालं की x = 1 घाला: मूळ किंमत 2/2 = 1, मांडणीची 1 + 0 = 1. उत्तर −1/x + ½ ln(x² + 1) − tan⁻¹x + c. यापेक्षा वेगळं काही आलं तर तुमची मांडणीची ओळ इथे लिहा, कुठे निसटलं ते बघू.